‘आवरून घ्या’ म्हणण्याआधी

घरात हाणामारी होऊन कुणी दगावलं, किंवा जिन्याखाली माणूस रक्तबंबाळ सापडला, की पंधरा मिनिटांत शेजारपाजार गोळा होतो. कुणीतरी वडीलधारं माणूस सूचना द्यायला लागतं. रक्ताळलेली चादर बादलीत जाते, फरशीवर पाणी पडतं. गेलेल्या माणसाचं तोंड पुसून त्याला नीट उताणं झोपवतात, बाई असेल तर साडी सारखी करतात. पोलिसांना फोन जातो तो हे सगळं उरकल्यावर. यात कुणाच्याही मनात पाप नसतं. असं रक्तात पडलेलं माणूस लोकांच्या नजरेला पडू नये, एवढीच भावना असते. पण पोलीस येऊन ज्या खोलीचा पंचनामा करतात, ती गुन्हा घडला ती खोली उरलेली नसते.

कायद्याच्या नजरेत हे आवरणं गुन्हा आहे का? बहुतेक वेळा नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 201 अनेकांना ऐकून माहीत असतं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 238 आलं. मजकुराचा गाभा तोच आहे. गुन्हा घडल्याचं माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा केला तर हे कलम लागतं. म्हणजे दोन गोष्टी हव्यात, गुन्ह्याची जाणीव आणि गुन्हेगाराला वाचवण्याचा हेतू. आजोबा घसरून पडले असं प्रामाणिकपणे समजून सुनेनं फरशी पुसली, तर तिच्याकडे यातली एकही नाही. पण आजोबांना धाकट्यानं ढकललं हे तिनं पाहिलं असेल आणि मग ‘पोराचं आयुष्य बरबाद नको’ म्हणून तीच फरशी तशीच पुसली असेल, तर दोन्ही आहेत.

याच कलमाचा दुसरा अर्धा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणंही त्यातच येतं. फरशीला हातसुद्धा न लावता, हवालदाराला नुसतं ‘पाय घसरून पडले हो’ म्हणणारा शेजारीही त्यात सापडू शकतो. दडवलेला गुन्हा किती मोठा, त्यावर शिक्षा ठरते. मूळ गुन्ह्याला फाशीची तरतूद असेल, उदाहरणार्थ खून, तर सात वर्षांपर्यंत कैद. जन्मठेपेच्या किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत. त्याहून लहान गुन्ह्यात मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत. राहत्या घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं कैद आहे. तेव्हा तिचा पुरावा दडवणाऱ्याला पावणेदोन वर्षांपर्यंत आत जावं लागू शकतं.

आता घराघरातला प्रश्न. नवऱ्यानं गुन्हा केला आणि बायकोनं त्याला घरात लपवलं तर? गुन्हेगाराला आसरा देण्याचं कलम वेगळं आहे, 249, आणि त्यात नवरा-बायकोला सूट आहे. बायकोनं नवऱ्याला दार उघडून जेवायला वाढलं तर कायदा तिला आसरा दिल्याबद्दल धरत नाही. कलम 238 मध्ये मात्र अशी सूट नाही. त्याच रात्री तिनं त्याचा रक्ताळलेला शर्ट मुद्दाम धुतला, तर नातं तिला वाचवत नाही. आईबापांना आणि भावाबहिणींना तर दोन्हीकडे सूट नाही. वकिलाकडे उशिरा पोहोचलेल्या किती कुटुंबांना हे तिथे पहिल्यांदा कळत असेल, कोण जाणे.

कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की काही हलवलं की सरळ तुरुंग. सर्वोच्च न्यायालयासमोर 1952 मध्ये पलविंदर कौर यांचा खटला आला होता. त्यांच्या पतीचा मृतदेह ट्रंकेत घालून पंजाबातल्या एका गावाजवळच्या विहिरीत टाकला होता आणि सापडला तेव्हा पार कुजलेला होता. सायनाइड दिल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयानं खुनाच्या आरोपातून त्यांना सोडलं, पण पुरावा दडवल्याबद्दल कलम 201 खाली शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं तीही रद्द केली. मृत्यू गुन्ह्यामुळे झाला हेच आधी सिद्ध झालेलं नाही. मग दडवला तो कोणत्या गुन्ह्याचा पुरावा, असा न्यायालयाचा तर्क होता. मृतदेहाची संशयास्पद विल्हेवाट लावली एवढ्यावर शिक्षा देता येत नाही, संशय कितीही दाट असला तरी. हा निकाल कायद्याच्या वर्गात अजूनही शिकवतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. देह वेळेत आणि शाबूत हाती आला असता, तर सायनाइड होतं की नव्हतं याचं उत्तर कदाचित मिळालं असतं. ती बाई दोषी असेल तर शिक्षा झाली असती, निर्दोष असेल तर इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या. नाहीसा झालेला पुरावा दोन्ही बाजूंचा असतो.

आता त्या पुसलेल्या फरशीकडे पुन्हा बघू. लोकांना वाटतं, विज्ञान इतकं पुढे गेलंय की पुसलं तरी सापडतं. ते अर्धं खरं आहे. टाइल्सच्या सांध्यांत, पलंगाच्या पायाखाली, पोछ्याच्या धाग्यांत रक्त उरतं, आणि ल्युमिनॉल फवारून अंधार केला की तिथे निळसर चमक दिसते. ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचं जहाल क्लीनर वापरलं असेल तर तेही चमकतं आणि चाचणीचा घोळ होतो. शिवाय असली रसायनं डीएनए खराब करतात. पण समजा रक्त सापडलंच, तरी ते ‘इथे रक्त होतं’ एवढंच सांगतं. पुसताना आकार जातो, आणि सगळी गोष्ट त्या आकारातच असते.

रक्ताचा थेंब सरळ खाली पडला तर डाग गोल पडतो. तिरका येऊन आदळला तर लांबट होतो, आणि त्याचं शेपूट तो ज्या दिशेनं चालला होता तिकडे असतं. डागाच्या रुंदीला लांबीनं भागलं की त्यावरून कोन काढता येतो. भिंतीवरचा डाग 4 मिलिमीटर रुंद आणि 8 मिलिमीटर लांब असेल, तर थेंब भिंतीला साधारण 30 अंशांत येऊन लागला. अशा दहा-बारा डागांवरून मागे रेषा ओढल्या की त्या कुठे जवळ येतात ते दिसतं, आणि वार झाला तेव्हा माणूस उभा होता, बसला होता की जमिनीवर पडला होता, याचा अंदाज बांधता येतो. ‘तो अंगावर धावून आला म्हणून मी मारलं’ आणि ‘पडलेल्याला मारलं’ यातला फरक कधीकधी एवढ्याशा डागांवर ठरतो. ओलं फडकं एकदा फिरलं की यातलं काही उरत नाही. आणि ते फडकं फिरवणारा पुतण्या आपल्याच काकाचा स्वसंरक्षणाचा बचाव पुसून टाकत असतो, याची त्याला कल्पनाही नसते.

देहाचंही तसंच आहे. माणूस गेल्यावर रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि कातडीवर जांभळट छटा येते. काही तासांनी ती पक्की होते आणि मग देह उलटा केला तरी तिथेच राहते. पालथा पडलेला देह आपण उताणा केला आणि बोललो नाही, तर डॉक्टरांना छटा छातीकडे दिसते, पंचनाम्यात देह उताणा लिहिलेला असतो, आणि देह कुणीतरी दुसरीकडून आणून टाकला असा संशय उगाच उभा राहतो. इथे एक अपवाद कायम लक्षात ठेवायचा. धुगधुगी असण्याची जराही शक्यता वाटली तर पुरावाबिरावा सगळा बाजूला, आधी दवाखाना. गळफास असेल तर माणसाला खाली घ्यायचंच, फक्त गाठ सोडायची नाही. गाठीपासून दूर दोर कापायचा आणि गाठ तशीच राहू द्यायची. डॉक्टर आणि पोलीस दोघांनाही ती बघायची असते.

रक्ताळलेले कपडे पोलिसांच्या हाती देण्याची वेळ आली तर प्लास्टिकच्या पिशवीत भरू नयेत. आत दमटपणा साठतो, बुरशी धरते आणि डीएनए सडतो. पोलीसही ओले कपडे सावलीत सुकवून कागदात गुंडाळतात आणि लाखेचं सील लावतात, मग ते कलिन्याच्या किंवा विभागीय प्रयोगशाळेकडे जातात. तिथून येणाऱ्या ‘सीए रिपोर्ट’कडे सगळं पोलीस ठाणं डोळे लावून बसलेलं असतं. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर पहिली ओढ अंघोळ करून कपडे टाकून देण्याकडे असते, आणि ती समजण्यासारखी आहे. शक्य असेल तर आधी रुग्णालयात जावं, ते कपडे सोबत न्यावेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 96 तासांपर्यंत नमुने घेता येतात. अंघोळ झाली असेल तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नये. तपासणी आणि मोफत उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही.

गावाकडे मात्र सगळ्यात मोठा पुरावा जातो तो अग्नीत. तरुण सून रात्री गेली, माहेरच्यांना सकाळी निरोप आणि दुपारी सरण. पोलीस पाटलाला कळतं तेव्हा अस्थी गोळा करायची वेळ आलेली असते. लग्नाला सात वर्षं झाली नसताना बाईचा असा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानं ठरलेली आहे. ‘माहेरच्यांची तक्रार नाही’ हे त्याला उत्तर होत नाही. पुरलेला देह दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं उकरून काढता येतो, जाळलेल्या देहाला तो पर्याय नाही. मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल तर पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ दाखल करतात, लोकांच्या बोलीत ‘एडी’. एडी म्हणजे कुणावर आरोप नव्हे. शवविच्छेदन होऊन देह साधारणपणे परत मिळतो आणि मग अंत्यविधी करता येतो. घाई कुणाची आणि कशासाठी, हा प्रश्न तपास अधिकारी विचारतोच. आणि ‘मिटवून टाका, इतके पैसे घ्या’ अशी बैठक बसली, तर गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पैसे घेणं हा कलम 250 खाली वेगळा गुन्हा आहे. खुनासारखे काही गुन्हे कळले तर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना खबर देणं सामान्य माणसाचंही कर्तव्य आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये अशा गुन्ह्यांची यादी आहे. सबळ कारणानं खबर देता आली नाही असं म्हणायचं असेल, तर ते कारण सिद्ध करण्याची जबाबदारी गप्प राहिलेल्याचीच.

शहरात पुरावा दडवण्याची रीत वेगळी. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीनं दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. तो प्यायलेला होता का, हे रक्तावरून ठरणार होतं. रक्तातला मद्यार्क शरीर सतत जाळत असतं. ढोबळ हिशेबानं तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. समजा अपघाताच्या वेळी एखाद्याच्या रक्तात 120 मिलिग्रॅम आहे. तर सहा तासांत तो मर्यादेवर येतो आणि आठ तासांत जवळपास कोरा होतो. म्हणजे नुसता वेळ काढणं हेसुद्धा पुरावा घालवणंच असतं. त्यासाठी कुणाला काही फेकावं लागत नाही.

पोलिसांच्या आरोपानुसार या प्रकरणात पुढे त्याहून जास्त घडलं. ससून रुग्णालयात त्या सकाळी घेतलेला मुलाचा नमुना कचऱ्यात गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं रक्त ठेवलं गेलं. नंतर ते त्याच्या आईचं असल्याचं सांगण्यात आलं. पोलिसांनी त्याच दिवशी उशिरा औंधच्या सरकारी रुग्णालयातही एक नमुना घ्यायला लावला होता. तोवर इतका वेळ गेला होता की त्यात मद्यार्क सापडण्याची आशा नव्हती. पण डीएनए काही तासांनी उडून जात नाही. औंधचा नमुना वडिलांच्या डीएनएशी जुळला, ससूनचा जुळला नाही, आणि अदलाबदलीचा संशय तिथे उघड झाला. दारूच्या दृष्टीनं निकामी झालेल्या रक्तानं दुसरं प्रकरण उभं केलं. घरच्या वाहनचालकावर ‘गाडी मी चालवत होतो असं सांग’ म्हणून दबाव आणल्याचा आरोपही झाला. डॉक्टरांसह अनेकांना अटक झाली. हे सगळे आरोप आहेत, शेवटचा शब्द न्यायालयाचा. पण मुलाला वाचवण्याच्या धडपडीत आईबाप स्वतः आरोपी कसे होतात, हे महाराष्ट्रानं त्या दिवसांत रोज वर्तमानपत्रात वाचलं. घटना जुलै 2024 च्या आधीची, म्हणून तिला जुनं कलम 201 लागतं.

अपघात आपल्या हातून झाला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून द्यावे लागतात आणि पोलिसांना कळवावं लागतं. जमाव मारायला उठला तर तिथून निघून सरळ पोलीस ठाणं गाठता येतं. गॅरेजवाल्याकडून रातोरात बंपर बदलून घेणं मात्र वाचवत नाही. तुटलेल्या दिव्याची काच रस्त्यावर पडलेली असते, आणि गॅरेजची पावती नंतर फिर्यादी पक्षाच्या कामी येते.

राहिला मोबाइल. भांडणानंतर किंवा अटकेच्या भीतीनं लोक व्हॉट्सॲपचे संदेश पुसतात, फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करतात. न्यायालयात हजर करावी लागेल अशी कागदपत्रं किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदी ती हजर होऊ नयेत म्हणून नष्ट केल्या, तर कलम 241 आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय संदेश समोरच्याच्या फोनमध्ये असतोच. पुसणारा फक्त स्वतःबद्दलचा संशय वाढवतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा संविधानाच्या कलम 20 (3) मधला हक्क आहे. पण तो गप्प राहण्याचा हक्क आहे, पुरावा पुसण्याचा नाही.

निर्दोष माणसं उलट दिशेनं चुकतात. सोसायटीच्या सीसीटीव्हीत सगळं दिसलं म्हणून तो तुकडा मोबाइलवर पडद्यावरूनच चित्रित करतात आणि ग्रुपवर टाकतात. पुढे आठवडा-दोन आठवड्यांत डीव्हीआर जुन्यावर नवं चित्रीकरण चढवतो आणि मूळ जातं. फिरलेल्या प्रतीचा दर्जा घसरलेला, मूळ तारीख-वेळेची माहिती गळालेली. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. आता साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं ‘हॅश’ मूल्यही नोंदवावं लागतं. एक बिंदू बदलला तरी ते मूल्य बदलतं. म्हणून सेक्रेटरीनं कापाकापी न करता डीव्हीआर तसाच ठेवावा, घड्याळ चुकीचं असेल तरी दुरुस्त न करता किती मिनिटांनी चुकतंय ते लिहून ठेवावं, आणि पोलिसांना तारीख-वेळेसह लेखी पत्र देऊन पोच घ्यावी.

आणि आवरून झालेलंच असेल तर? ते लपवण्यात सगळ्यात जास्त धोका असतो. कुणी काय पुसलं, देह कुठून कुठे हलवला, दार कुणी उघडलं, हे जबाबात सरळ सांगावं. पोछा, बादलीतली चादर, केराची पिशवी पुन्हा न धुता पोलिसांच्या हवाली करावी. कपाटाला हात लावलेल्या घरच्यांनी बोटांचे ठसे द्यायला कां-कूं करू नये. घरच्यांचे ठसे वगळल्याशिवाय परक्याचा ठसा ओळखता येत नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर येऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्यानं लागू करायची मुभा आहे. त्यामुळे पंचनामा आटोपला, पंचांच्या सह्या झाल्या, तरी खोली लगेच धुवायला घेऊ नये. तज्ज्ञ यायचे बाकी असू शकतात, किंवा आरोपीनं काही दाखवल्यावर पोलिसांना त्याच खोलीत परत यावं लागू शकतं. खोली कधी उघडायची हे तपास अधिकाऱ्याला विचारावं, आणि त्यानं तोंडी हो म्हटलं तर तेवढी एक ओळ लिहून मागावी.